आद्याक्षरांआडची शिवी : ‘स्नाफू’ आणि ‘आयझेड’ यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

शिवी उघडपणे देता येत नाही आणि गिळवतही नाही, अशा वेळी प्रत्येक भाषा काही आडवाटा काढते. मराठीतील जुनी वाट अध्याहाराची आहे. ‘च्यायला’ या उद्गारात षष्ठीचा ‘च्या’ आहे, ‘आय’ आहे, द्वितीया-चतुर्थीचा ‘ला’ आहे. नाही ते फक्त क्रियापद. तेच नेमके अशिष्ट असल्याने बोलणारा ते श्रोत्याच्या मनावर सोडून देतो. दुसरी वाट पर्यायी शब्दाची. बहिणीवरून दिल्या जाणाऱ्या हिंदी शिवीचा आरंभ करून बोलणारा मध्येच वळण घेतो आणि ‘भेंडी’ या भाजीच्या नावावर थांबतो. या दोन्ही वाटा बोलीतल्या आहेत. तिसरी वाट आद्याक्षरांची. ती लेखी कारभारातून आली असून मराठीत तुलनेने नवी आहे. या तिसऱ्या वाटेचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकी लष्करातील ‘स्नाफू’ आणि मराठी तरुणांच्या बोलीतील ‘आयझेड’ हे दोन शब्द समोर ठेवले आहेत. वरवर पाहता दोहोंची घडण सारखी वाटते. पण त्यांचे भाषिक कार्य मुळीच सारखे नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

‘स्नाफू’ची घडण

‘सिच्युएशन नॉर्मल, ऑल फक्ड अप’ या पाच शब्दांच्या आद्याक्षरांपासून ‘स्नाफू’ बनला. त्याची लेखी नोंद १९४१ पासून सापडते. त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घ्यावयास हवी. १९३३ नंतर रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ धोरणातून अमेरिकेत अनेक सरकारी यंत्रणा उभ्या राहिल्या आणि त्या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाऊ लागल्या. महायुद्धाच्या तयारीत लष्करी कार्यालयांनी तोच प्रघात आणखी वाढविला. आदेश, पदनामे, नमुने, अहवाल सारे आद्याक्षरांत येऊ लागले. सैनिकाने या कारभाराची खिल्ली त्याच कारभाराच्या भाषेत उडविली.

या वाक्याची खरी गंमत शिवीत नसून ‘नॉर्मल’ या शब्दात आहे. पहिले दोन शब्द हुबेहूब परिस्थिती-अहवालाचे आहेत : परिस्थिती नेहमीसारखी आहे. पुढचे तीन शब्द ही नेहमीची परिस्थिती म्हणजे काय ते सांगतात : सगळ्याचा विचका झालेला आहे. गोंधळ हा अपवाद नसून तोच येथील नियम आहे, असे विधान त्यातून होते. शिवाय आद्याक्षरांत दोन स्वर योग्य जागी पडल्याने शब्द सुटी अक्षरे म्हणून न उच्चारता एका दमात म्हणता येतो. म्हणून तो तोंडी रुळला आणि पुढे वृत्तपत्रांतही कारभारातील घोटाळा या अर्थाने सरसकट वापरला जाऊ लागला.

वरिष्ठांना त्याचा अर्थ ठाऊक नव्हता असे नाही. १९४३ ते १९४५ या काळात अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी जे व्यंगचित्रपट काढले, त्यांच्या वेंधळ्या नायकाचे नावच ‘प्रायव्हेट स्नाफू’ ठेवले होते. पहिल्या चित्रपटात निवेदक या नावाचा विस्तार सांगतो. ‘ऑल’ या शब्दापाशी तो क्षणभर थबकतो आणि मग ‘फाउल्ड अप’ असा सभ्य पाठ देतो. त्या थबकण्यावरच प्रेक्षक सैनिक हसणार, हे निर्मात्यांना माहीत होते. लपविणारा आणि ज्याच्यापासून लपवायचे तो, दोघेही खेळात सामील असल्याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

देवनागरी अक्षर आणि रोमन आद्याक्षर

मराठीत संक्षेप नव्हते असे मुळीच नाही. ‘सा. न. वि. वि.’ लिहून पत्र सुरू करणाऱ्या पिढ्या येथे होऊन गेल्या. चि., सौ., कै. हे संक्षेप लग्नपत्रिकेपासून दुखवट्याच्या पत्रापर्यंत सर्वत्र आढळतात. परंतु या संक्षेपांचा स्वभाव वेगळा आहे. देवनागरीत आद्याक्षर म्हणजे स्वरासहित संपूर्ण अक्षर होय. चिरंजीव शब्दातील ‘चि’, सौभाग्यवतीतील ‘सौ’, कैलासवासीतील ‘कै’ हे तुकडे मूळ शब्दाचा बराचसा ध्वनी बरोबर घेऊन येतात. रोमन लिपीत याच शब्दांचे सी, एस आणि के उरतील आणि त्यांतून काहीही ओळखू येणार नाही. थोडक्यात, देवनागरी संक्षेप शब्द आखडतो, पण झाकत नाही. म्हणूनच तो आदरार्थी उपाधीला सोयीचा ठरला आणि शिवीला गैरसोयीचा. आद्याक्षरांआड शिवी लपवायची झाली तेव्हा मराठी भाषकाने रोमन अक्षरांची नावे उसनी घेतली, त्याचे एक कारण येथे आहे.

‘आयझेड’ : एक विश्लेषण

रत्नागिरीपासून पुण्या-मुंबईपर्यंत महाविद्यालयीन मुलांच्या बोलण्यात ‘आयझेड’ हा शब्द ऐकू येतो. मूर्ख, बावळट, विचित्र वागणारा अशा अर्थाने तो वापरला जातो. त्याचा उगम आईवरून दिल्या जाणाऱ्या, ‘झ’ने सुरू होणाऱ्या संभोगवाचक क्रियापदाच्या शिवीत आहे.

हा शब्द नीट उकलून पाहिला तर तो शुद्ध आद्याक्षरी नाही असे दिसते. ‘आई’ हा शब्द रोमन लिपीत लिहिताना आपण ‘ए’ या अक्षराने सुरुवात करतो, ‘आय’ने नव्हे. मग येथे ‘आय’ कोठून आला? ‘आय’ हे इंग्रजी अक्षराचे नाव आहे आणि आईसाठी मराठी बोलींतील रूपही आहे. ‘आयला’, ‘आयशप्पथ’ यांत तेच रूप आहे. म्हणजे शब्दाच्या पहिल्या भागात काहीच लपविलेले नाही. तेथे आईचा उघड उल्लेख आहे. तो फक्त इंग्रजी अक्षराच्या वेषात उभा आहे. दुसऱ्या भागात मात्र खरे आद्याक्षर आहे. ‘झ’साठी ‘झेड’ ठेवले आणि क्रियापद दृष्टीआड गेले. अर्धा श्लेष आणि अर्धे आद्याक्षर अशी ही जोडघडण आहे. ‘च्यायला’मध्ये जे गाळले जाते तेच येथे झेडच्या मागे दडते. त्यामुळे हा शब्द इंग्रजी पेहरावात असला, तरी त्याची जात जुन्या मराठी अध्याहाराचीच आहे.

प्रस्तुत लेखात इंग्रजी शिवी वर पूर्ण लिहिली गेली आहे, मराठी क्रियापद मात्र लिहिलेले नाही, हेही वाचकाच्या ध्यानात आले असेल. परभाषेतील अशिष्ट शब्द आपल्याला तितका बोचत नाही. इंग्रजी अक्षरांची नावे वापरल्याने अंतराचा हाच लाभ मराठी शिवीला मिळतो.

अशा व्युत्पत्ती पारखून घ्याव्या लागतात, कारण खोट्या विस्तारांचेही पीक मोठे आहे. वर आलेला इंग्रजी शब्द ‘राजाच्या संमतीने व्यभिचार’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचा संक्षेप असल्याची कथा प्रसिद्ध आहे. तो शब्द इंग्रजीत काही शतके जुना आहे. आद्याक्षरांचा सलग शब्द करून उच्चारण्याची प्रथा मात्र विसाव्या शतकातच फोफावली. तेव्हा ही कथा कालविसंगत ठरते. ‘आयझेड’च्या बाबतीत कसोटी बोलीची आहे. ‘आय’ हे रूप, ‘झ’चा ध्वनी आणि मूळ शिवी ही तिन्ही ‘आयझेड’वाचूनही भाषेत स्वतंत्रपणे नांदत आहेत, त्यांची जुळणी ओढूनताणून करावी लागत नाही.

दुसरा विस्तार : नाकबुलीची सोय

आद्याक्षरांचे खरे बळ झाकण्यात नसून नाकबूल करण्यात आहे. उघड शिवीला एकच अर्थ असतो. आद्याक्षरांना हवा तेव्हा दुसरा विस्तार देता येतो. ‘फाउल्ड’ हा असाच दुसरा विस्तार. ॲडम फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या सांकेतिक बोलीविषयी २००३ मध्ये लेखन प्रसिद्ध केले. त्या संदर्भात सांगितला गेलेला एक किस्सा बोलका आहे. रुग्णाच्या कागदांवर डॉक्टरने ‘टी टी एफ ओ’ असे लिहिले होते. त्याचा प्रचलित अर्थ, रुग्णाला शिवी हासडून घालवून दिले, असा होता. न्यायाधीशांनी विचारल्यावर डॉक्टरने ‘टू टेक फ्लुइड्स ओरली’, म्हणजे द्रव पदार्थ तोंडावाटे घ्यावेत, असा खुलासा केला. चारही अक्षरे चपखल बसली.

आपल्याकडे ‘के एल पी डी’ या हिंदी संक्षेपाचे असेच झाले. पुरुषाच्या कामोत्तेजनेच्या क्षणी झालेल्या फसवणुकीचे अश्लील वर्णन त्यात आहे. व्यवहारात मात्र तो ऐनवेळी झालेल्या कोणत्याही निराशेसाठी वापरला जातो. २०१२ मध्ये एका हिंदी चित्रपटाने ‘किस्मत लव्ह पैसा दिल्ली’ असे नाव घेतले. फलकावर नाव सभ्य राहिले आणि त्याच्या आद्याक्षरांनी जाणकारांपर्यंत पोचवायचे ते पोचविले.

मूल्यमापन

या शब्दांचा विचार बहुधा सभ्य की असभ्य, एवढ्याच प्रश्नापाशी थांबतो. शिवीचा रोख कोणावर आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘स्नाफू’मधील अशिष्ट शब्द कोणा व्यक्तीला उद्देशून नाही. त्याचे लक्ष्य व्यवस्था आहे आणि बोलणारा त्या व्यवस्थेच्या तळाशी आहे. विस्तार कळल्यावर ‘स्नाफू’ अधिक अर्थपूर्ण होतो, कारण ते एक पूर्ण विधान आहे. ‘आयझेड’चा विस्तार कळल्यावर हाती काहीच नवे लागत नाही. कोणत्याही कारभारावर त्यात भाष्य नाही. बावळटपणा मुलाचा आणि शिक्षा त्याच्या गैरहजर आईला, एवढेच त्यातून निष्पन्न होते. ‘के एल पी डी’मध्येही अनुभव पुरुषाचा, विनोद पुरुषाचा, आणि अर्थ ठाऊक नसलेल्या मुलीने तो सहज वापरला की जाणकारांच्या हसण्याचा विषय तीच होते. आद्याक्षरे श्रोत्यांची दोन गटांत विभागणी करतात ती अशी. सैनिकांच्या ‘स्नाफू’त अज्ञानी ठरण्याची पाळी आली तर ती बाहेरच्यांवर येत असे; येथे ती आपल्याच वर्गातल्या सोबतिणीवर येते.

याला एक मर्यादाही आहे. वापराने शब्द झिजतात. ‘च्यायला’ उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात आज कोणाची आई नसते आणि ‘आयझेड’ही त्याच मार्गावर आहे. तो वापरणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना त्याचा उगम ठाऊक नसतो. त्यामुळे प्रत्येक उच्चारामागे मूळ अर्थाचा हेतू गृहीत धरून विद्यार्थ्याला दोषी ठरविणे भाषाशास्त्रदृष्ट्या चूक होईल.

निष्कर्ष

आद्याक्षरांआडची शिवी ही एकजिनसी गोष्ट नाही. ‘स्नाफू’ने कारभाराची भाषा उचलून ती कारभारावरच उलटविली, म्हणून तो विडंबन ठरतो. ‘आयझेड’ने इंग्रजी अक्षरांचा आडोसा जुन्याच शिवीसाठी घेतला, विडंबनाचा अंश त्यात नाही. वर्गात किंवा आवारात हा शब्द कानी आला तर शिक्षकाने तो अश्लील म्हणून दडपण्यापेक्षा फळ्यावर उकलून दाखविणे अधिक उपयुक्त होईल. नाकबूल करण्याची सोय अर्थ संदिग्ध असेपर्यंतच टिकते. अर्थ सर्वांसमोर आल्यावर तो शब्द वापरावा की टाकावा, हे विद्यार्थी निदान जाणतेपणी ठरवतील आणि त्यातल्या ‘आय’कडेही त्यांचे लक्ष जाईल.