रेघ कुठे तुटावी? शीर्षकाक्षरांतील शिरोरेषेविषयी

मराठी पुस्तकाच्या परीक्षणात मुखपृष्ठाला बहुधा शेवटचे एक वाक्य मिळते आणि ते चित्राविषयी असते. चित्र समर्पक असते किंवा बोलके असते. पुस्तकाचे नाव कसे लिहिले आहे याविषयी परीक्षक काही म्हणत नाही. वास्तविक त्या मुखपृष्ठावर वाचण्याची गोष्ट तेवढी एकच असते. हाताने लिहिलेल्या शीर्षकाची पारख कुठे करावी, असे मला कोणी विचारले तर मी शिरोरेषेकडे बोट दाखवीन. तिथे अक्षरकाराचा हात आणि त्याची वाचनाची समज, दोन्ही एकदम उघडी पडतात.

ही रेघ ओढण्याच्या तीन सवयी आपल्याकडे आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढून घेई आणि मग अक्षरे तिला टांगत जाई. बालबोध लिहायला शिकलेले मूल आधी शब्द लिहिते आणि मग वर रेघ देते. छापखान्यात तिसरीच तऱ्हा होती. तिथे प्रत्येक खिळा आपल्या वाट्याची रेघ घेऊन येई, आणि खिळे शेजारी बसले की तुकड्यांची मिळून शिरोरेषा होई. झिजलेल्या खिळ्यांनी छापलेली जुनी पुस्तके भिंगाखाली धरली, तर दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढ्या पांढऱ्या फटी दिसतात. शीर्षक लिहिणाऱ्याने यांपैकी कोणती सवय उचलायची? बहुतेक जण शाळेतली उचलतात. अक्षरे रंगवून होतात, मग पट्टी लावून वरून एक सलग रेघ येते. रेघ सरळ येते, जाडीही सारखी राहते, आणि नेमके त्यामुळेच काही नावे बिघडतात.

कसे ते पाहण्यासाठी एक कल्पित शीर्षक घेऊ : ‘भरतीआधी’. एखाद्या कोकणी खाडीवरच्या कादंबरीचे नाव म्हणून ते शोभेल. यात भ आहे, आ आहे, ध आहे. या तिघांचाही डावा भाग रेघेला टेकत नाही. भ आणि ध यांची डावी बाजू वर मोकळी राहून आत वळते, अ चा तीनच्या आकड्यासारखा भाग उघडाच असतो, आणि रेघ फक्त उजवीकडे, कान्याच्या डोक्यावर असते. म्हणजे या नावात शिरोरेषा मुळात एक नाहीच. पहिला तुकडा भ च्या कान्यावर सुरू होऊन र, त करीत वेलांटीच्या कान्यावर संपतो. दुसरा आ च्या दोन कान्यांवर असतो आणि तिसरा ध च्या कान्यापासून शेवटच्या वेलांटीपर्यंत जातो. वरून सलग पट्टी ओढली की वाचणाऱ्याच्या हातात ‘मरतीआघी’ पडते. वळण थोडे शिल्लक असल्यामुळे जवळून कदाचित भ ओळखू येईल. रस्त्याच्या पलीकडून पोस्टर वाचणाऱ्याला येणार नाही. तीन फटींपैकी अ वरची बुजली तर फक्त कुरूप दिसते, कारण बुजलेल्या अ सारखे दुसरे अक्षर आपल्याकडे नाही. भ आणि ध यांच्या फटी बुजल्या की शब्द बदलतो. सगळ्या फटींना सारखा न्याय देण्याची गरज नाही, हे त्यातून कळते.

आता जाडीकडे वळू. डेमी आकाराच्या मुखपृष्ठावर हे नाव ११० मिलिमीटर रुंद हवे आहे असे धरू. मूळ काम दुपटीने मोठे करायचे, म्हणजे २२० मिलिमीटर, कारण लहान करताना हाताची थरथर झाकली जाते. टाक १० मिलिमीटर रुंदीच्या सपाट टोकाचा. देवनागरीचा बोरू रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट कलतो. त्याची धार डावीकडून उजवीकडे उतरती धरली जाते. म्हणून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ, उदाहरणार्थ र चा पाय, बारीक येते आणि डावीकडे उतरणारी तिरकी रेघ भरदार येते. धार ४५ अंशांत धरली की उभी आणि आडवी रेघ सारख्याच जाडीची, सुमारे ७ मिलिमीटरची उमटते.

सारखी जाडी हवी होती, ती मिळाली. पण शब्द भिंतीला लावून दहा पावले मागे गेलो की शिरोरेषा जड वाटते. आडवी रेघ डोळ्याला तेवढ्याच उभ्या रेघेपेक्षा जाड दिसते, हा डोळ्याचा जुना स्वभाव आहे. तिथे बरेच जण ब्रशने रेघेच्या कडा खरवडत बसतात. मी टाकाचा कोन ४० अंशांवर आणतो. रेघ ६.४ मिलिमीटरची होते, काना ७.७ चा होतो, आणि दोघे सारखे दिसू लागतात. मोजपट्टीला ते विषम असतात. मोजपट्टीचे ऐकले तर डोळा तक्रार करतो.

पण हा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे : मनगट वळता कामा नये. पाचव्या-सहाव्या अक्षरापर्यंत हात कागदाच्या उजव्या कडेला जातो, कोपर अंगापासून सुटते आणि कोन नकळत ३५ अंशांवर येतो. तेवढ्याने रेघ ५.७ वर उतरते आणि काना ८.२ वर चढतो. नावाचा आरंभ आणि शेवट दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखे दिसतात. उपाय साधा आहे : हात सरकवायचा नाही, कागद सरकवायचा. ही चूक पकडण्याची जागा म्हणजे रेघेचा सांधा. टाकाने ओढलेल्या रेघेची दोन्ही टोके तिरकी कापलेली असतात. कोन कायम असेल तर एका तुकड्याचे शेवटचे टोक आणि पुढच्याचे पहिले टोक समांतर येतात आणि एकमेकांत बसतात. कोन ढळला असेल तर मध्ये पाचरीसारखी पांढरी फट राहते किंवा एक पायरी दिसते. जिथे रेघ जोडायची तिथे मी पुढचा तुकडा मागच्यावर अर्ध्या टाकाएवढा चढवतो. जिथे तोडायची तिथे ते तिरके टोक तसेच ठेवतो, पट्टीने सरळ कापत नाही. तुटलेली रेघ मुद्दाम तुटलेली आहे हे त्या टोकावरून कळते.

अक्षरांमधील अंतरही याच रेघेवर मोजले जाते आणि तिथेही मोजपट्टी फसवते. भ आणि र यांच्यातला रेघेचा तुकडा त आणि वेलांटी यांच्यातल्या तुकड्याएवढाच ठेवला, तर र शब्दातून निसटल्यासारखा वाटतो. र ला काना नाही, आणि त्याच्या डावीकडे खाली मोठी पांढरी जागा पडते. म्हणून त्याला भ च्या कान्याजवळ ओढायचे, उजवीकडे मात्र त्याचा पाय त च्या पोटाला लागणार नाही एवढे सांभाळायचे. याउलट ती, आ, धी या तीन ठिकाणी दोन काने शेजारी उभे आहेत. तिथे कुंपणाच्या गजांसारखे दाटून येते. मी त्या दोन कान्यांमध्ये साधारण दोन कान्यांच्या जाडीएवढी, म्हणजे १५ मिलिमीटर जागा सोडतो. थोडक्यात, रेघेचे तुकडे असमान झाल्याशिवाय शब्द समान होत नाही.

संगणकावरचे काम वेगळे आहे असे म्हणतात. चुका मात्र त्याच राहतात, फक्त उलट्या क्रमाने येतात. तयार टंकातले नाव घेऊन अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा प्रत्येक सांध्याशी तुटते. ते झाकायला वर एक आडवी पट्टी टाकली जाते, आणि त्या पट्टीखाली भ आणि ध यांच्या खऱ्या फटीही जातात. खोट्या फटी भरताना खऱ्या भरल्या जातात, हेच अलीकडच्या अनेक मुखपृष्ठांचे निदान आहे. दुसरी खोड म्हणजे नाव जागेत बसवण्यासाठी आडवे दाबणे. वरचेच नाव ७० टक्के रुंदीला दाबले, तर ७.७ चा काना ५.४ चा होतो आणि रेघ ६.४ ची तशीच राहते. मग अक्षरे रेघेच्या ओझ्याखाली वाकल्यासारखी दिसतात. अरुंद अक्षर हवे असेल तर ते अरुंद लिहावे लागते.

इथे कमल शेडगे यांचे नाव घेतले पाहिजे. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी शीर्षकालाच चित्र केले. २०२० साली ते गेले, आणि त्यांची ‘माझी अक्षरगाथा’ आजही अभ्यासण्यासारखी आहे. त्यांच्यानंतर आलेल्यांनी त्यांच्याकडून अर्थाचे चित्र करण्याची हौस घेतली. रेघेची तलवार होते, काना पेटतो, वेलांटीची लाट होते. शेडग्यांच्या अक्षरांत कल्पना कितीही धावली तरी शब्द आधी वाचला जातो, ही बाजू अनुकरणात गळाली. शिरोरेषेची लाट करायला माझी हरकत नाही. पण ‘भरतीआधी’मधील लाट भ च्या डोक्यावरून डावीकडे पसरली, की समुद्र दिसतो आणि शब्द मरतो. लाट करायचीच असेल तर शेवटच्या वेलांटीपुढे, उजवीकडे करावी. तिथे ती कोणत्याच अक्षराचे काही बिघडवत नाही.

रेघ अजिबात काढूनच टाकणे हाही एक मार्ग आहे आणि तो अप्रामाणिक नाही. मात्र मग भ आणि म यांच्यातला सगळा फरक डाव्या वळणावर येतो. ते वळण नेहमीपेक्षा मोठे करावे लागते, आणि शब्द एकत्र धरून ठेवण्याचे काम अंतरावर पडते. लांब नावांना हा मार्ग मानवत नाही.

शेवटची परीक्षा छपाईत होते. मूळ कामात ध वरची फट ५ मिलिमीटर ठेवली, तर मुखपृष्ठावर ती अडीच होते. तेच नाव पुस्तकाच्या कण्यावर मुखपृष्ठाच्या एक तृतीयांश आकारात जाते तेव्हा फट जेमतेम ०.८ मिलिमीटर उरते. काळ्या अक्षरांत शाई पसरते आणि तेवढी जागा सहज बुजते. गडद रंगात पांढरे अक्षर सोडले असेल तर उलट होते : शाई बाहेरून आत येते, फट रुंदावते आणि रेघच बारीक पडते. म्हणून कण्यासाठी तेच चित्र लहान करून चालत नाही. मी कण्याचे नाव वेगळे लिहितो. त्यात ध वरची फट ८ मिलिमीटर आणि रेघ तीच ठेवतो. पांढऱ्या अक्षरांसाठी फट पाचच आणि रेघ सातची. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच माणसाचे वाटत नाहीत. छापून आल्यावर वाटतात.