ह्यूम आणि न दिसणारा ‘च’

मागच्या वेळी आपण डेव्हिड ह्यूमचं एक सूत्र पाहिलं होतं: प्रत्येक साध्या कल्पनेमागे अनुभवातला एखादा ठसा असलाच पाहिजे. आज हेच सूत्र ‘कारण’ या कल्पनेला लावून पाहू.

उदाहरण ह्यूमचंच घेऊ. बिलियर्डच्या टेबलावर एक चेंडू स्थिर आहे. दुसरा येऊन त्याला लागतो आणि तो चालू लागतो. आपल्याला नेमकं काय दिसलं? दोघं एकमेकांना टेकले. आधी एकाची गती, मग दुसऱ्याची. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. म्हणजे सान्निध्य, क्रम आणि सततचं साहचर्य एवढंच हाती लागतं. आपण मात्र म्हणतो, धक्का बसला की चेंडूला हलावंच लागतं. हा ‘च’ कुठे दिसला? कुठेच नाही.

मग तो आला कुठून? पहिल्या धडकेत आणि शंभराव्या धडकेत चेंडूंमध्ये नवं काही आलेलं नसतं. बदल होतो तो पाहणाऱ्यात. येणारा चेंडू दिसताच मन सवयीनं पुढच्या गतीकडे ओढलं जातं. ही आतली ओढ आपण बाहेरच्या वस्तूंमध्ये आहे असं समजतो. १७३९च्या ग्रंथातलं ह्यूमचं उत्तर ते हेच.

अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. उद्याही चेंडू हलेल कशावरून? निसर्ग एकसारखा वागतो म्हणून. हे तरी कशावरून? आजवर वागला म्हणून! जे सिद्ध करायचं तेच आपण गृहीत धरलं. ह्यूम आपल्याला अपेक्षा सोडायला सांगत नाही. ती तर्कातून आलेली नाही, एवढंच तो दाखवतो.

पण साहचर्य म्हणजेच कारण, ही व्याख्या पुरते का? टॉमस रीडनं १७८८ साली हरकत घेतली: रात्रीनंतर दिवस नेहमीच येतो, म्हणून रात्र दिवसाचं कारण ठरते काय? मिलनं १८४३मध्ये दुरुस्ती सुचवली की साहचर्य बिनशर्त हवं. सूर्य उगवलाच नाही तर रात्र संपणार नाही, म्हणून रात्र कारण नव्हे. पण सूर्य न उगवलेली सकाळ कुणी पाहिली आहे? ‘नसता तर’ म्हटलं की आपण अनुभवाच्या पलीकडे गेलो. गंमत म्हणजे १७४८च्या ग्रंथात खुद्द ह्यूमही तसाच जातो. साहचर्याची व्याख्या देऊन तो लगेच, ‘दुसऱ्या शब्दांत’ म्हणत, पहिली वस्तू नसती तर दुसरी झाली नसती, असं जोडतो. हे दुसरे शब्द नव्हेत, हे दुसरं विधान आहे.

तेव्हा आमचं मत असं: ह्यूमची व्याख्या अपुरी आहे, पण त्याचा प्रश्न शाबूत आहे. साहचर्याहून अधिक काहीतरी आपल्याला हवं असतं, आणि ते अधिक काही आपल्याला दिसत नाही.