६१७४ आणि ७७ चुकीची उत्तरं: सूडोकोड तपासायचा कसा?

दिवाळीत बोरीला घरी गेलो होतो. पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका धाकट्या मित्राने आपल्या प्रस्तावातला एक सूडोकोड वाचायला दिला. विषय छान निवडला होता: कापरेकर स्थिरांक. कोड नऊ-दहा ओळींचा आणि दिसायला एकदम स्वच्छ. त्यात तीन चुका निघाल्या. या तिन्ही चुका कुणाच्याही प्रस्तावात सापडू शकतात, म्हणून त्याची परवानगी घेऊन त्या इथे मांडतोय.

आधी विषय थोडक्यात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये एक गंमत दाखवली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा हेच करा. जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी यावर लिहिलं, तेव्हा कापरेकरांचं नाव जगभर पोचलं.

आता मित्राचा सूडोकोड:

```
STEPS(n)
  count = 0
  while n != 6174
    A = empty list
    while n > 0
      append (n mod 10) to A
      n = floor(n / 10)
    sort A
    n = (A descending) - (A ascending)
    count = count + 1
  return count
```

खाली एक वाक्य होतं: ‘ही पद्धत कोणत्याही d अंकी संख्येसाठी O(d log d) वेळात चालते. ५० यादृच्छिक संख्यांवर तपासली आहे.’

तपासताना मी पहिल्यांदा कोड वाचत नाही, इनपुटची अट शोधतो. इथे ती कुठेच नाही. कापरेकरांच्या विधानात ‘सगळे अंक सारखे नकोत’ हे स्पष्ट आहे, कोडमध्ये ते गळालं. ४४४४ देऊन बघा. ४४४४ वजा ४४४४ म्हणजे ०, आणि शून्यातून पुढे शून्यच. लूप कधीच संपत नाही. ही चूक सोपी आहे. प्रमेयाच्या अटी एका बाजूला आणि कोडच्या पहिल्या दोन ओळी दुसऱ्या बाजूला ठेवल्या की ती लगेच दिसते.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. २१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. कागदावर करणारा माणूस इथे मनातल्या मनात ०९९९ लिहितो आणि पुढे जातो: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. एकूण ५ पायऱ्या. पण कोडमधला आतला लूप n > 0 असेपर्यंतच अंक काढतो. त्याला तीनच ९ मिळतात. ९९९ − ९९९ = ०, आणि परत तोच न संपणारा लूप. कागदावर हात जे आपोआप करतो, ते कोडमध्ये लिहावं लागतं.

असं किती संख्यांच्या बाबतीत होतं? हे मोजता येतं. अंक उतरत्या क्रमाने a, b, c, d धरले तर वजाबाकी 999(a−d) + 90(b−c) येते. ती हजारापेक्षा कमी पण शून्य नाही, अशी एकच स्थिती आहे: a−d = 1 आणि b = c. म्हणजे तीन अंक सारखे आणि चौथा त्यांच्याहून एकाने कमी किंवा जास्त. १००० ते ९९९९ मध्ये अशा ६८ संख्या आहेत. त्यात सारख्या अंकांच्या ९ मिळवा: ९००० पैकी ७७ संख्यांवर हा कोड अडकतो.

७७ म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे ५० यादृच्छिक संख्या घेतल्या तर त्यांत यांतली एकही न येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के आहे. मित्राने खोटं लिहिलं नव्हतं. त्याची चाचणी खरंच पास झाली होती. पण या चाचणीने काहीच सिद्ध होत नव्हतं. इनपुट फक्त ९००० असताना सगळेच चालवायचे होते. तेही लूपला ७ पायऱ्यांची मर्यादा घालून, म्हणजे अडकलेला कोड ‘अजून चालतोय’ असं वाटून तुम्ही बसून राहणार नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे. ‘अंक संपेपर्यंत’ ऐवजी ‘नेमके d वेळा’:

```
repeat d times
  C[n mod 10] = C[n mod 10] + 1
  n = floor(n / 10)
```

यात आणखी एक फायदा झाला. अंक दहाच प्रकारचे असतात, म्हणून सॉर्ट करायची गरजच नाही. कोणता अंक किती वेळा आला हे मोजलं की पुरे. संख्या अंकांच्या यादीत साठवली असेल तर एका पायरीला O(d) वेळ लागतो. म्हणजे त्याने लिहिलेला log d फुकटचा होता.

आता तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. O(d log d) हा हिशेब एका पायरीचा आहे. पायऱ्या किती होतील, याबद्दल प्रस्तावात एक शब्द नाही. d = 4 असेल तर ७ ची मर्यादा आहे, पण मग d हा बदलता आकडाच उरत नाही आणि उत्तर O(1) होतं. ‘कोणत्याही d साठी’ म्हटलं की मात्र विधान कोसळतं. दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९ असं चक्र फिरतं. पाच अंकांत ५३९५५ वरून ५९९९४ आणि तिथून परत ५३९५५. इथे ६१७४ ची वाट बघणारा लूप थांबणारच नाही. जी पद्धत थांबतेच असं नाही, तिला बिग-ओ लावण्यात अर्थ नाही. म्हणून ‘थांबते का’ हा प्रश्न ‘किती वेळात’ च्या आधी विचारायचा.

मग काय लिहायला हवं होतं? थांबण्याची अट बदलायची: एखादी संख्या दुसऱ्यांदा आली की थांबायचं, आणि ती स्थिर संख्या आहे की चक्र, ते उत्तरात सांगायचं. आता मर्यादा सिद्ध करता येते. पुढची संख्या अंकांच्या क्रमावर अवलंबून नाही, कोणता अंक किती वेळा आला एवढ्यावरच ठरते. d अंकांच्या अशा निवडी C(d+9, 9) असतात, म्हणजे O(d⁹). तितक्या पायऱ्यांच्या आसपास पुनरावृत्ती व्हायलाच हवी. पुनरावृत्ती ओळखायला फ्लॉइडची सावकाश-जलद पद्धत वापरली तर आधीच्या संख्या साठवाव्या लागत नाहीत, आणि पायऱ्या फक्त ठराविक पटीने वाढतात. एकूण वेळ O(d¹⁰).

ही मर्यादा सैल आहे. d = 4 ला ती ७१५ देते आणि प्रत्यक्षात ७ पायऱ्या पुरतात. मित्र म्हणाला, “दादा, O(d log d) किती देखणं दिसत होतं, आणि हे d¹⁰ काय!” खरंय. पण d¹⁰ मागे कारण आहे, ते परीक्षकासमोर फळ्यावर दोन मिनिटांत मांडता येतं. ‘प्रत्यक्षात पायऱ्या खूप कमी लागतात’ हे निरीक्षण म्हणून वेगळ्या वाक्यात लिहा, सिद्ध केलेल्या मर्यादेत मिसळू नका.

त्याच्या प्रस्तावात आता O(d¹⁰) आहे, आणि त्याखाली नवा प्रश्न: ही मर्यादा किती खाली आणता येईल? मला विचाराल तर पूर्ण प्रस्तावात संशोधनाचा खरा प्रश्न तोच आहे. देखण्या चुकीच्या उत्तराखाली तो झाकला गेला होता.