पाककृतींच्या अनुवादातील मापांचा प्रश्न

इंग्रजी पाककृती मराठीत आणताना अनुवादक शब्दांचा जेवढा विचार करतो, तेवढा अंकांचा करीत नाही. एका अमेरिकन केकची कृती पाहू. मुळात दीड कप मैदा, एक 'स्टिक' बटर आणि ३५० अंश तापमान सांगितलेले असते. अनुवादात बहुधा 'दीड वाटी मैदा, बटरची एक कांडी, ३५० अंश' असे उतरते.

अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलिटरचा ठरलेला असतो. आपली वाटी मात्र घरोघरी निराळी. सर्व जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर वाटी लहान असली तरी प्रमाण टिकते. येथे मात्र 'स्टिक' हे सुमारे ११३ ग्रॅमचे ठरीव वजन आहे. वाटी दीडशे मिलिलिटरची निघाल्यास मैदा बराच कमी पडतो, बटर तेवढेच राहते आणि केक तेलकट होऊन बसतो. म्हणून 'मैदा १८० ग्रॅम, बटर ११५ ग्रॅम' असे लिहिणे योग्य. ११३.४ हा आकडा गणिताने बरोबर असला, तरी स्वयंपाकघरात त्याचा उपयोग नाही. ३५० अंश हे फॅरनहाइट असून त्याचे १८० अंश सेल्सिअस करावयास हवेत.

हाच विवेक इतरत्रही लागतो. अमेरिकन लेखनातील ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल. मराठी वाचक ४ मे समजेल, म्हणून महिना अक्षरी लिहावा. डॉलरमधील खर्चाचे रुपये केले, तरी भाव अमेरिकेतलाच राहतो. तो मूळ चलनात, वर्षासह द्यावा.

सारांश, मापाचा अनुवाद करताना त्या मापाचे कृतीतील कार्य ओळखावे लागते.