साडेपाच लाखांहून मोठा नमुना, तरी ८८ जागांची चूक

संशोधन पद्धतीच्या पेपरात हा प्रश्न फिरून फिरून येतो. एखाद्या एक्झिट पोलची माहिती द्यायची आणि खाली विचारायचं: ‘नमुना निवड व मतदारांवरील प्रभाव यांचे मूल्यमापन करा.’ उत्तरंही ठरलेलीच. ‘नमुना लहान होता’ आणि ‘मतदार जिंकणाऱ्याकडे झुकतात.’ ही दोन्ही वाक्यं २०२४ च्या लोकसभा निवडणुकीवर लावून बघा, मग त्यांत किती दम आहे ते कळेल.

१ जून २०२४ च्या संध्याकाळी अ‍ॅक्सिस माय इंडियाच्या एक्झिट पोलने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या. ४ जूनला प्रत्यक्षात मिळाल्या २९३. आता, नमुना लहान म्हणायचा तर तो साधारण ५.८ लाख लोकांचा होता. ५४३ मतदारसंघांत वाटला तर प्रत्येकी हजाराच्या थोडं वर. साध्या यादृच्छिक नमुन्यात एवढ्या संख्येला त्रुटीची मर्यादा सुमारे ३ टक्के येते. प्रत्यक्षात ती जास्त धरायला हवी, कारण मुलाखती मोजक्याच ठिकाणी गठ्ठ्याने होतात. एकाच वस्तीतली २५ माणसं बरीचशी सारखं मत देतात, त्यामुळे त्यांच्याकडून २५ वेगवेगळ्या माणसांएवढी माहिती मिळत नाही. म्हणजे एकेका जागेचा अंदाज कच्चाच. मुंबई उत्तर पश्चिमचा निकाल तर ४८ मतांनी लागला. तो कुठल्याच पोलला सांगता आला नसता.

पण थांबा, इथेच खरी गंमत आहे. असं समजा की २०० जागा इतक्या चुरशीच्या होत्या की पोलने तिथे चक्क नाणं उडवलं. २०० नाणी उडवली तर छापे सरासरी १०० पडतात आणि प्रमाण विचलन येतं जेमतेम ७. म्हणजे निव्वळ योगायोगाने १५-२० जागांची चूक होऊ शकते, त्यापलीकडे क्वचितच. इथे अंदाजाचा मध्य ३८१ आणि निकाल २९३, फरक ८८. योगायोगाच्या चुका दोन्ही बाजूंना जातात आणि एकमेकींना खोडतात. इथे त्या खोडल्या गेल्या नाहीत. उत्तर प्रदेशात ६७ ते ७२ चा अंदाज होता, मिळाल्या ३६. महाराष्ट्रात महायुतीला २८ ते ३२ सांगितल्या, मिळाल्या १७. पश्चिम बंगालमध्ये भाजपला २६ ते ३१, मिळाल्या १२. तिन्ही मोठ्या राज्यांत चूक एकाच दिशेला! याला नमुना त्रुटी म्हणत नाहीत, हा पूर्वग्रह आहे, म्हणजे बायस. नमुना दुप्पट केला असता तरी तो कमी झाला नसता; त्याच चुकीच्या आकड्याभोवतीची मर्यादा तेवढी अरुंद झाली असती.

हा बायस शिरतो कुठून? मुख्यतः न बोलणाऱ्यांमधून, आणि बोलले तरी खरं न सांगणाऱ्यांमधून. मतदान करून निघालेल्या माणसाने हात झटकले की मुलाखतकार पुढच्याला धरतो, आणि नकार देणारा कोण होता याची नोंद बहुधा उरत नाही. लोकनीती-सीएसडीएसच्या मतदानोत्तर सर्वेक्षणात मतदार यादीतून नावं काढतात, त्यामुळे निदान कोण सापडलं नाही हे तरी माहीत असतं. जात, वय, लिंग यांचे भार लावून हे दुरुस्त होतं असं काही जण लिहितात. अर्धंच होतं. एखाद्या समूहाचे लोक नमुन्यात कमी पडले तर भार लावून प्रमाण सुधारता येईल. पण त्या समूहातले एका पक्षाचे मतदारच गप्प बसले असतील तर भार लावून काय उपयोग? म्हणून उत्तरात नमुन्याच्या आकारापेक्षा प्रतिसादाचा दर आधी मागा. तो दिलेला नसेल, तर तेच टीकेचं पहिलं वाक्य.

आता प्रभाव. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ मुळे १९ एप्रिलच्या सकाळपासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत एक्झिट पोल जाहीर करायला बंदी होती. आकडे आले तेव्हा मतं यंत्रात बंद झालेली. त्यामुळे ‘या एक्झिट पोलने मतदारांवर प्रभाव टाकला’ असं लिहिलंत तर काळाचा क्रमच उलटा होतो. प्रभाव पडला तो शेअर बाजारावर: ३ जूनला सेन्सेक्स सुमारे २,५०० अंकांनी चढला आणि ४ जूनला जवळपास ४,४०० नी आपटला. मतदारांचा प्रश्न मतदानाआधीच्या ओपिनियन पोलला विचारा.

आणि तिथेही ‘झुकतात’ म्हणून भागत नाही. आधीच जिंकणाऱ्याच्या बाजूने असलेले आणि पोल बघून वळलेले, हे दोघे वेगळे काढायचे कसे? फ्रान्समध्ये ही सोय आपोआप झाली. काही सागरपार प्रदेशांत मुख्य भूमीचे एक्झिट पोल कळल्यानंतर मतदान व्हायचं, आणि पुढे कायदा बदलून ते आधी घेतलं जाऊ लागलं. मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी बदलाआधीचं आणि नंतरचं मतदान ताडून पाहिलं. निकाल आधी कळल्यामुळे मतदान सुमारे ११ टक्के बिंदूंनी घटत होतं, आणि जे येत त्यांचा कल जिंकणाऱ्याकडे वाढत होता. घरी बसलेल्यांचा हा परिणाम उत्तरपत्रिकांमध्ये मला जवळपास कधीच दिसत नाही.