भोपळ्याचं फूल, बाजूनं

शाळेच्या बाग मंडळापुढं एका बाईंनी केलेलं हे भाषण जेमतेम दहा मिनिटांचं, आणि त्यात कुंपणावर चढलेला लाल भोपळ्याचा एकच वेल. विषय फोटोवहीचा, पण सुरुवात कॅमेऱ्यापासून होत नाही. "फुलाचा एक फोटो समोरून काढा आणि एक बाजूनं," एवढं सांगून बाई मुलांना वेलापाशी नेतात. समोरून सगळी फुलं सारखीच पिवळी, पाच टोकांची. बाजूनं बघितल्यावर मात्र एक फूल लांब, बारीक देठावर उभं असतं आणि दुसऱ्याच्या बुडाशी गोटीएवढा हिरवा भोपळा असतो. नर आणि मादी हे शब्द बाई त्यानंतर उच्चारतात. मग विचारतात, भजीसाठी आजी कुठली फुलं खुडते? लांब देठाची, हे मुलं स्वतःच ओळखतात. हा क्रम मला फार आवडला. व्याख्या आधी आली असती तर मुलांनी ती नुसती पाठ केली असती.

वेळेचा मुद्दाही असाच ओघात येतो. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटू लागतं. मधल्या सुट्टीत फोटो काढायला गेलेल्या मुलांना मलूल फुलंच मिळणार. म्हणून फोटोखाली तारखेसोबत वेळही लिहायची. सकाळीसुद्धा थेट उन्हात पिवळ्या पाकळ्यांवरच्या शिरा फोटोत पुसल्या जातात, तेव्हा फुलावर आपली सावली धरायची.

भाषणाचा सर्वांत कसदार भाग पानांचा आहे. या वेलाच्या पानांवर पांढुरके ठिपके होते. मुलं म्हणाली, रोग पडला. बाईंनी बोट फिरवायला लावलं. ठिपके पुसले गेले नाहीत, आणि ते शिरा जिथं फुटतात त्या कोनांतच होते. भोपळ्याच्या काही जातींत पानाचा रंगच तसा असतो. भुरी रोगाची पांढरी भुकटी बोटाला लागते आणि शिरांची पर्वा न करता पसरते. म्हणून पूर्ण पानाचा एक फोटो आणि डागाचा जवळून एक, असे दोन हवेत.

शेवटी फळ. एकाच बाजूनं, शेजारी तीच पट्टी ठेवून, दर दोन दिवसांनी फोटो. एखादं कोवळं फळ फुगण्याऐवजी पिवळं पडून सुकतं. बहुतेकदा मधमाश्या न फिरकल्यामुळं पुरेसे परागकण पोचलेले नसतात. पण कडक ऊन, पाण्याची ओढ, वेलावर आधीच धरलेली फळं, यांनीही फळ गळतं. फोटोवरून यातलं नेमकं कारण ठरत नाही. त्यामुळं बाईंनी फोटोखाली एवढंच लिहायला सांगितलं: 'पिवळं पडलं, टोकाकडून सुकलं.' कारणासाठी खाली एक ओळ कोरी, पेन्सिलीनं भरायची.