सांस्कृतिक साम्राज्यवादाची उपपत्ती आणि एक मलयाळी स्वयंपाकघर

सांस्कृतिक साम्राज्यवादाची उपपत्ती आता कालबाह्य झाली, असे मत अलीकडे वारंवार ऐकू येते. त्याच्या पुष्ट्यर्थ प्रादेशिक भाषांतील चित्रपट आणि मालिका पुढे केल्या जातात. स्ट्रीमिंगच्या मंचांवर मलयाळम, कोरियन वा मराठी कृती जगभर पाहिल्या जात असतील, तर अमेरिकेच्या वर्चस्वाचे काय राहिले, असा हा युक्तिवाद आहे. तो दिसतो तितका सरळ नाही.

हर्बर्ट शिलर यांनी १९६९ व १९७६ मधील आपल्या ग्रंथांतून मांडलेल्या विचारात दोन विधाने गुंतलेली आहेत. प्रसारणाची साधने, भांडवल आणि वितरण यांवर मोजक्या केंद्रांचे नियंत्रण असते, हे पहिले. त्या केंद्रांची मूल्ये दुबळ्या समाजांत, बहुधा तेथील सत्ताधारी वर्गाच्याच हातून, रुजतात, हे दुसरे. टीकाकारांचा रोख मुख्यतः दुसऱ्या विधानावर राहिला. एलिहू कॅट्झ आणि तामार लीब्ज यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका पाहणाऱ्या निरनिराळ्या समाजांतील गटांशी चर्चा केली होती. मालिकेतील एक स्त्री नवऱ्याला सोडून पूर्वीच्या प्रियकराच्या घरी जाते. काही अरब प्रेक्षकांनी मात्र ती आपल्या वडिलांच्या घरी गेली असे सांगितले. प्रेक्षक हा कोरी पाटी नव्हे, हे यावरून दिसले. पुढे जॉन टॉमलिन्सन यांनी १९९१ मध्ये अधिक मूलगामी प्रश्न विचारला: ज्या ‘देशी संस्कृती’वर आक्रमण होते असे म्हणता, ती नेमकी कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मलयाळम चित्रपटात फार स्पष्टपणे मिळते. त्यातील सासऱ्यांना कुकरमधला भात चालत नाही, तो चुलीवरच शिजला पाहिजे. चटणी मिक्सरमध्ये नव्हे, पाट्यावर वाटलेली हवी. कपडेही यंत्रात टाकू नयेत, अशी त्यांची सौम्य सूचना असते. परक्या वस्तूंपासून परंपरा जपणारा हा गृहस्थ उपपत्तीच्या ढोबळ आवृत्तीप्रमाणे प्रतिकाराचा नायक ठरावा! परंतु त्या परंपरेचा सारा भार सुनेच्या मनगटावर पडतो. मोरीचा गळका नळ तिने वारंवार सांगूनही नवरा दुरुस्त करवीत नाही, आणि हा नवरा शाळेत समाजशास्त्र शिकवतो. पार्श्वसंगीताला जवळजवळ रजा देऊन दिग्दर्शकाने चिरण्याचे, फोडणीचे, भांडी घासण्याचे आवाज ऐकवले आहेत. पात्रांना नावेही नाहीत. शबरीमलेच्या मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयानंतरचा काळ येथे आहे; त्या निर्णयाची बाजू घेणाऱ्या एका स्त्रीची स्कूटर जाळली जाते. म्हणजे संघर्ष देशी आणि विदेशी यांत नसून देशीच्याच पोटात आहे. संस्कृती ही एकजिनसी वस्तू मानणाऱ्या उपपत्तीला येथे उत्तर नाही, हे मान्य केले पाहिजे.

पण म्हणून शिलर यांचे पहिले विधानही कोसळले काय? या चित्रपटाचा प्रवास तसे म्हणू देत नाही. मोठ्या आंतरराष्ट्रीय मंचांनी तो नाकारल्याचे दिग्दर्शकाने सांगितले आहे. १५ जानेवारी २०२१ रोजी तो ‘नीस्ट्रीम’ या मलयाळम भाषेसाठी निघालेल्या छोट्या मंचावर प्रदर्शित झाला. चर्चा झाली, प्रेक्षक लाभला, आणि त्यानंतर त्याच वर्षी ॲमेझॉन प्राइमने तो आपल्याकडे घेतला. आज एखाद्याने ॲमेझॉनच्या सूचीवर बोट ठेवून ‘पाहा, प्रादेशिक कृतीला जागतिक दार खुले आहे’ असे म्हटले, तर ते दार आधी बंद होते ही गोष्ट त्या सूचीत दिसणार नाही. सूचीत केवळ स्वीकारलेले मोजले जाते. नाकारलेले कोठेच नोंदले जात नाही. प्रादेशिक कृतींच्या संख्येवरून निष्कर्ष काढणाऱ्या लेखनात हाच दोष वारंवार आढळतो.

मराठीतील चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ची वाट उलटी होती. वेनिसच्या महोत्सवात २०२० साली पटकथेचे पारितोषिक आणि कार्यकारी निर्माते म्हणून आल्फोन्सो क्वारोन यांचे नाव, एवढे संचित घेऊन तो २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. चित्रपटाच्या गुणवत्तेविषयी येथे वाद नाही. पण हिंदुस्थानी संगीतावरील मराठी कृतीला ही वाट वेनिसवरून जाते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याउलट नकाराचे कारण दर वेळी अमेरिकन भांडवलात शोधणेही भाबडेपणाचे होईल. शबरीमलेसारख्या विषयाची धास्ती देशी व्यवसायालाही वाटते. प्रादेशिक कृतीचे उदाहरण देताना म्हणून तीन गोष्टी आधी तपासाव्यात: ती प्रथम कोणी नाकारली, हक्क अखेर कोणाकडे गेले, आणि किती जणांनी ती पाहिली याचा हिशेब कोणाच्या हाती आहे. शेवटच्या बाबतीत संशोधकाला बहुधा मंचाने स्वतः जाहीर केलेल्या आकड्यांवरच विसंबावे लागते.